शब्द हवा आहे: आजी गुणगुणायची ती चाल, धून की सूर?

ताकभात:
मंडळी, एक मेल लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडलेय. मिरजेत एक जुनं कॅसेटचं दुकान आहे, मालक काका आता बरेच वयस्कर आहेत, पण मामेभाऊ म्हणतो की गाण्याचं नीट वर्णन केलं तरी ते कपाटातून बरोबर कॅसेट काढून देतात. क्लिप पाठवून उपयोग नाही, त्यांना कानाचं यंत्र आहे आणि मोबाईलवरचं गाणं म्हणजे नुसती खरखर ऐकू येते. मुलाने सांगितलं की मेल करा, मी वाचून दाखवतो. म्हणजे सगळं शब्दांतच सांगायचंय.

माझा मसुदा असा आहे:

"नमस्कार काका, माझी आजी भाकरी करताना एक धून गुणगुणायची. तिला शब्द नव्हते. सुरुवात खालून होते, मग वर जाते, मग हळूहळू खाली येते. भाकरी थापताना हात पडतो तसा ठेका होता. अशी कॅसेट तुमच्याकडे आहे का?"

आई म्हणाली धून काय, आपल्यात चाल म्हणतात. काका (सख्खे, दुकानवाले नव्हे) म्हणाले शब्दच नाहीत तर चाल कसली, चाल शब्दांना लावतात, सूर लिही. आता तिघांचं तीन. आजी कोरेगावकडची होती, ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते, कधी विचारलं नाही की हे काय म्हणतेस.

शुद्धलेखक:
चाल. धून हा शब्द हिंदी सिनेमाने आपल्याकडे आणला. चाल लावणे, चाल बांधणे, चालीवर म्हणणे असे सगळे प्रयोग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मग उसनं कशाला आणायचं? सूर तर मुळीच नको. सूर म्हणजे एक स्वर किंवा गळ्याचा पोत, 'तिचा सूर छान होता' असं म्हणतो आपण, त्यातून गाणं कुठलं ते कळत नाही.

पारावरचा:
धून हिंदी कशी हो? आमच्या गावात भजन संपताना नामाची धून धरतात, टाळकरी उभे राहतात आणि तेच तेच नाव म्हणत लय वाढत जाते. माझे आजोबा धूनच म्हणायचे आणि त्यांनी सिनेमा पाहिला असेल नसेल. पण एक आहे, ती धून म्हणजे एकच ओळ परत परत. आजीचं तसं असेल तरच धून लिहा.

रेवाकाठ:
आम्ही इंदूरचे मराठी, आमच्याकडे धून सर्रास चालते, तर्ज पण. आमची आई पोळ्या लाटताना गुणगुणायची, तेही शब्दांशिवाय, आणि आम्ही विचारलं की एकदम गप्प व्हायची, जणू काही चोरी पकडली. ज्वारीची भाकरी करायच्या का तुमच्या आजी? आमच्याकडे ज्वारी फार कमी, म्हणून विचारलं.

हार्मोनियमवाला:
मी नाट्यपदांना आणि भजनी मंडळांना पेटीची साथ करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. चाल लिहायला काहीच हरकत नाही, शब्द नसले तरी. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचा मुखडा दिलेला असतो. म्हणजे चाल एका शब्दांवरून उचलून दुसऱ्या शब्दांवर ठेवता येते, ती शब्दांना चिकटलेली नसते. तेव्हा तुमच्या काकांचा मुद्दा मला पटत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. 'खालून सुरू होते, वर जाते, खाली येते' हे वाचून दुकानदार काय करणार? निम्मी मराठी गाणी तशीच आहेत. आणि 'हात पडतो तसा ठेका' यानेही काही कळत नाही, कारण थापणारा हात सगळ्यांचा एकसारखाच चालतो, आणि गुणगुणणं त्या हाताबरोबरच चालत होतं हे तुम्ही गृहीत धरताय.

असं करा. आजीसारखं गुणगुणा आणि जिथे आपोआप जोर येतो तिथे टाळी द्या. मग दोन टाळ्यांमध्ये सावकाश मोजा, तीन भरतात की चार. तीन भरले तर दादऱ्याकडचं काहीतरी, चार भरले तर केरवा किंवा भजनी ठेक्याकडचं. मग एका ओळीला किती टाळ्या पडतात ते मोजा आणि सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या आहेत का ते बघा. हे तिन्ही मेलमध्ये लिहिलंत की काकांचं अर्धं कपाट बाजूला पडेल.

ताकभात:
आईला शेजारी बसवून केलं. चार भरतात, दोघींचंही. आणि एक गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती: पहिल्या तीन ओळी जवळजवळ सारख्या, प्रत्येकीला चार टाळ्या, आणि चौथी तोकडी, अडीच टाळ्यांवर ती थांबायचीच. आई म्हणते तिथेच ती तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवायची, मग परत पहिल्यापासून. म्हणजे तिन्ही ओळी थापताना आणि चौथी तव्यापाशी. हे आईला अजून दिसतं, मला नुसता आवाज आठवतो.

मोहोर:
अहो मग प्रश्न सुटलाच! तीन सारख्या आणि चौथी तोकडी म्हणजे ओवी, साडेतीन चरणांची. जात्यावरची ओवी ती पुढे चुलीवर आली, बायकांना जातं सुटलं तरी ओवी सुटली नाही. दुकानात वेळ घालवू नका, 'पारी'च्या साईटवर जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, बऱ्याच रेकॉर्डिंगसह, गावांच्या नावासकट. तिथे सातारा जिल्हा शोधा.

हार्मोनियमवाला:
संग्रह उत्तम आहे, जरूर ऐका. पण ओवीच असं ठामपणे म्हणू नका. जात्यावर ओवी म्हणताना बाई अक्षर हवं तेवढं लांबवते, जात्याचा फेरा जड झाला की ओळ ताणते, तिथे चार-चारचा हिशेब इतका नीट बसत नाही. ताकभात सांगतायत ते फार मापात आहे.

मला दुसरीच शंका येतेय. अंजनीगीत आठवतंय का कुणाला? सोळा-सोळा मात्रांच्या तीन ओळी आणि चौथी दहाची. चारच्या हिशेबाने बघा: चार टाळ्या, चार टाळ्या, चार टाळ्या, आणि शेवटी अडीच. किर्लोस्करांच्या काळच्या संगीत नाटकांत दिंडी, साकी, कामदा, अंजनीगीत यांची रेलचेल असायची, शाकुंतल रंगभूमीवर आलं 1880 ला, तेव्हापासून. आणि या प्रत्येकाची एक ठरलेली म्हणण्याची पद्धत असते, त्या एकाच चालीवर कितीतरी वेगवेगळी पदं. आजीच्या तोंडी शब्द नसण्याचं हेही कारण असू शकतं, चाल कानात बसली, पदं दहा होती, कुठलंच पूर्ण पाठ नाही.

तरी पक्कं म्हणत नाही. कागदावरच्या मात्रा आणि गळ्यातल्या मात्रा एक नसतात, गाणारा ओळीच्या शेवटी सहज एखादी टाळी वाढवतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या घरी टेपरेकॉर्डर केव्हा आला?

ताकभात:
आई लग्न होऊन आली तेव्हाही आजी हेच गुणगुणत होती, आणि टेप आला तो माझ्या जन्मानंतर. रेडिओ मात्र होता.

हार्मोनियमवाला:
म्हणजे आजीने ते कॅसेटवरून उचललेलं नाही. रेडिओ, नाटक, गावातलं कीर्तन, नाहीतर तिच्या आईचा गळा. कीर्तनातही साकी-दिंडी येतातच, तो रस्ता विसरू नका. तरी कॅसेटवर मिळणारच नाही असं नाही, कारण जुन्या तबकड्यांवरची बरीच नाट्यपदं नंतर कॅसेटवर निघाली. काकांना हे आवर्जून लिहा, नाहीतर ते आजीला आवडणारी ऐंशीच्या दशकातली भावगीतं शोधत बसतील. त्यांना नाट्यगीतांच्या आणि कीर्तनाच्या कप्प्यात पाठवायचं आहे.

डफतुणतुणं:
चाल शब्दावर माझा आक्षेप आहे, उशीर झाला पण मांडतो. पोवाड्यात 'चाल' म्हणजे गाण्याचा एक भागच असतो. महात्मा फुल्यांचा 1869 चा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा उघडा, मध्ये मध्ये 'चाल' असं छापलेलं दिसेल, तिथे शाहीर म्हणण्याची गती बदलतो. सांगली-मिरज भाग शाहिरीचा, दुकानदाराला चाल वाचून पोवाडा आठवला तर?

शुद्धलेखक:
संदर्भावरून कळतं हो. भाकरी करताना कोण पोवाडा गुणगुणेल?

डफतुणतुणं:
माझी आजी गुणगुणायची. धुणं धुताना. गावात शाहीर येऊन गेले की पुढचे आठ दिवस तेच.

पारावरचा:
आणि गुणगुणणे तरी बरोबर आहे का? आमच्या आजोबांच्या मते गुणगुण म्हणजे देवाचे गुण परत परत गाणे, म्हणून गुण-गुण. स्वयंपाकघरातल्या साध्या गाण्याला घोळवणे म्हणायचे, 'ती सकाळपासून एकच गाणं घोळवतेय'.

शुद्धलेखक:
गुणांशी काही संबंध नाही, भुंगा गुणगुणतो तोच आवाज आहे, किणकिण, कुणकुण तसं. भुंगा काय देवाचे गुण गातो?

पारावरचा:
ज्ञानोबांना विचारलं असतं तर हो म्हणाले असते.

ताकभात:
घोळवणे मला फार आवडलं, आजीचं अगदी तसंच होतं, तोंड मिटलेलं असायचं. पण दुकानदारांना 'गुणगुणायची' लगेच कळेल म्हणून तेच ठेवते. आता असं केलंय, बघा:

"नमस्कार काका, माझ्या आजीच्या तोंडी एक चाल होती, ती भाकरी करताना शब्दांशिवाय गुणगुणायची. ठेका चाराचा. पहिल्या तीन ओळी सारख्या, प्रत्येकीला चार टाळ्या, चौथी ओळ तोकडी, अडीच टाळ्यांवर थांबते आणि परत पहिल्यापासून. घरी टेप येण्याच्या कितीतरी आधीपासून ती हे म्हणत होती, त्यामुळे जुनं नाट्यपद, बहुधा अंजनीगीत, किंवा कीर्तनातलं असावं असं एका जाणकारांना वाटतं. ओवी असण्याचीही शक्यता आहे. आजी कोरेगावकडची. आपल्याकडे नाट्यपदांच्या किंवा कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी असतील तर त्यात असं काही आठवतं का? मी स्वतः येऊन ऐकेन."

हार्मोनियमवाला:
एक भर घाला, तिसरी ओळ पहिल्या दोन्हींपेक्षा वर चढते की त्याच जागी राहते? वर चढत असेल तर तो अंतऱ्याचा तुकडा असू शकतो आणि मग अंजनीगीताचा माझा अंदाज ढिला पडतो. आईंना विचारून बघा, तुम्ही स्वतः ठरवू नका, आठवणीत आपण सूर सरळ करत जातो.

मोहोर:
मी अजूनही म्हणते ओवी. मापात म्हणणाऱ्या बायकाही असतात, माझी मावशी घड्याळासारखी म्हणते.

शुद्धलेखक:
मेल चांगला झालाय. फक्त 'कॅसेटी' खटकतं, कॅसेट्स लिहा, किंवा सरळ ध्वनिफिती.

रेवाकाठ:
ध्वनिफिती वाचून त्यांचा मुलगा अडखळेल. आमच्याकडे कॅसेटेंच म्हणतात.

पारावरचा:
मराठीत वही-वह्या, चाळण-चाळणी, तसं कॅसेट-कॅसेटी. बिनधास्त ठेवा.

शुद्धलेखक:
चाळणचं चाळणी हे अनेकवचन नाही हो, चाळणी हा वेगळा शब्द आहे, त्याचं चाळण्या होतं.

डफतुणतुणं:
आमच्याकडे चाळण एक, चाळणी दोन.

ताकभात:
आई म्हणते तिसरी ओळ थोडी वर जायची, पण पिठाचे हात झटकताना. मी म्हणते नाही, तिथेच राहायची. संध्याकाळी मामीला फोन करते, तिने आजीच्या हाताखाली बरीच वर्षं भाकऱ्या केल्यात.