हिरवं दिसलं म्हणजे जिवंत का? यूव्हीचं पाणी आणि लाइव्ह-डेड स्टेन

कृष्णाकाठची: सांगलीत एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. सलाइनमधले ई. कोलाय यूव्ही दिव्याखाली ठेवले. प्लेटवर एकही कॉलनी नाही, पण सायटो ९ आणि प्रोपिडियम आयोडाइड लावून पाहिलं तर जवळजवळ सगळे हिरवे. गाइड म्हणतात स्टेन खराब झालाय. खरं काय?

वाळव्याचा_पाटील: स्टेन कशाला खराब असेल! हिरवे म्हणजे जिवंतच. प्लेटवर न वाढणारे पण जिवंत जंतू असतातच, मग प्लेटवर विश्वास कसा ठेवायचा? तुमचा दिवा कुचकामी आहे.

जुना_लॅबवाला: पाटील, प्लेटवर न वाढणारे जिवंत जंतू असतात, ते मान्य. पण हिरव्या रंगावरून ते सिद्ध होत नाही. हिरवा सायटो ९ सगळ्याच पेशींत शिरतो, लाल प्रोपिडियम फक्त आवरण फाटलेल्या पेशींत. म्हणजे ही तपासणी आवरणाची आहे, जिवाची नाही. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही डीएनए बिघडवतो, आवरण तसंच राहतं. विभाजन थांबलेली पेशीसुद्धा त्यामुळे बराच वेळ हिरवी दिसते.

ताई, स्टेनवर शंका असेल तर थोडे जंतू ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर ठेवा, सलाइनने धुवा आणि अंधारात १५ मिनिटं रंगवा. लाल दिसले तर स्टेन चांगला. मात्र त्यावरून यूव्हीबद्दल काहीच कळणार नाही, कारण अल्कोहोल आवरणच फोडतं. आणि एकाच जागी टक लावून मोजू नका, निळ्या प्रकाशात सायटो लवकर फिका पडतो.

साताऱ्याची_डेअरी: आमच्याकडे टाकीच्या पाण्यात क्लोरीन घातल्यावर स्लाइड लालच येते. दुधात मात्र चरबीचे गोळे मध्ये येतात, काही धड दिसत नाही. तुम्हीही क्लोरीनच वापरा.

जुना_लॅबवाला: क्लोरीनचा पुरेसा डोस आवरणालाही धक्का देतो, म्हणून लाल. त्यांचा प्रश्न यूव्हीचा आहे हो.

वाळव्याचा_पाटील: बरं, मग खात्री कशी करायची? नॅलिडिक्सिक ॲसिड आणि थोडा यीस्ट एक्सट्रॅक्ट घालून सहा तास ठेवा. जिवंत पेशी विभागत नाहीत, नुसत्या लांबतात. लांबलेल्या मोजा. हे तरी मानाल?

जुना_लॅबवाला: साध्या पाण्याला उत्तम. पण डीएनएला इजा झालेला ई. कोलाय स्वतःच विभाजन थांबवून लांबतो. लांबलेली पेशी औषधामुळे लांबली की यूव्हीमुळे, हे कसं ओळखणार? निदान नॅलिडिक्सिकशिवायची एक नळी सोबत ठेवा.

वाळव्याचा_पाटील: तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही. दोन्ही नळ्यांत लांबल्या तर?

कृष्णाकाठची: अल्कोहोलची नळी उद्याच लावते. आणखी एक, यूव्हीनंतर नमुना खिडकीपाशी होता. चालेल ना?

जुना_लॅबवाला: नाही! उजेडात ई. कोलाय डीएनएची डागडुजी करतो. अर्धा नमुना फॉइल गुंडाळून अंधारात, अर्धा उजेडात ठेवा आणि दोन्हींच्या प्लेट लावा. उजेडातल्या प्लेटवर कॉलनी आल्या, तर हिरव्यांतले काही सावरण्याजोगे होते.