मदत हवी आहे: कोकरांचं दूध ६० दिवसांत तोडू की ९०?

नमस्कार मंडळी, आमचं फार्म सावली रोडला, वडोद्याजवळ, पाटणवाडी मेंढ्या आहेत, मांसासाठीच. पंधरा दिवसांची झाल्यापासून कोकरांना वेगळा खुराक सुरू केलाय. लाकडी फळ्यांची छोटी जाळी केली, फटी वीतभराच्या, म्हणजे कोकरू आत जातं, आई बाहेर ओरडत बसते. आत मक्याचा भरडा, भुईमुगाची पेंड, थोडा गव्हाचा कोंडा, मिनरल मिक्श्चर आणि ताजं पाणी.

आता ती दीड महिन्याची झालीत. एकटी जन्मलेली ११ किलोच्या आसपास, रोज २०० ग्रॅम तरी सहज खातात. पण जुळी अजून साडेसात किलोवर, खुराकाला नुसतं तोंड लावतात नि परत आईकडे पळतात. एका आडदांड कोकराची लेंडी पातळ झाली, त्यात मक्याचे दाणे तसेच दिसले, म्हणून त्याचा मका कमी करून चारा वाढवलाय.

माझा विचार असा की तारखेवर जायचंच नाही, जे जन्माच्या चौपट वजनाचं आणि रोज पाव किलो खातं त्याचंच ६० दिवसांत तोडायचं आणि जुळ्यांना ९० पर्यंत ठेवायचं. पप्पा म्हणतात सगळ्यांचं एकदमच तोड, कटकट नको.

असं दोन टप्प्यांत कोणी केलंय का? तोडल्यावर वजन किती दिवस अडतं? आंत्रविषाराची लस तोडण्याआधी किती दिवस द्यायची? मेंढ्यांना विण्याआधी दिली होती.