विषय: टिपच्या हिशोबात ४.६८ डॉलर कमी

मेघना, मिसिसॉगा
नमस्कार मंडळी, शनिवारी आम्ही चौघी जेवायला गेलो. जेवण २०० डॉलरचं, त्यावर १३ टक्के एचएसटी, म्हणजे २२६. कार्ड माझं. मशीनवर १८ टक्क्यांचं बटण दाबलं आणि २६६.६८ गेले. नंतर सगळ्यांना सांगितलं, आपापल्या पदार्थांवर १३ टक्के टॅक्स आणि १८ टक्के टिप धरून ई-ट्रान्सफर करा. माझा वाटा धरूनही बेरीज २६२ च! भांडायचं नाहीये, पण चुकलं कोण?

अविनाश
अगं, सोपं आहे. टॅक्सची दुप्पट म्हणजे टिप. मी न्यूयॉर्कला होतो तेव्हापासून हेच करतो.

श्रीकांत काका
अविनाश, न्यूयॉर्क शहरात टॅक्स ८.८७५ टक्के, म्हणून दुप्पट केली की पावणेअठरा येतात. इथे दुप्पट केलीस तर २६ टक्के होतील. वेटर खूश होईल, बायको नाही.
मेघना, मैत्रिणी बरोबर आहेत. त्यांनी टॅक्स आणि टिप दोन्ही २०० वरच धरले: २६ आणि ३६. मशीनने १८ टक्के २२६ वर काढले, म्हणून टिप ४०.६८ झाली. पावतीवरची टिप भागिले जेवणाची मूळ रक्कम करून बघ, २०.३४ टक्के येतील. पुढच्या वेळी टक्क्यांचं बटण सोड आणि रक्कम टाकायचा पर्याय घेऊन ३६ टाईप कर. मग प्रत्येकीने आपल्या पदार्थांची किंमत गुणिले १.३१ करायची. ५२ चं खाल्लं असेल तर ६८.१२. क्यूबेकमध्ये मे २०२५ पासून मशीनला टॅक्सआधीच्या रकमेवरच टिप सुचवावी लागते.

सुनंदा
आमचंही अगदी असंच झालं! नऊ जण होतो, त्यांनी १८ टक्के आधीच बिलात लावलेले. हिशोब केला तर दर शंभराला १३३.३४. म्हणजे आम्हालाही मशीनने फसवलं ना?

श्रीकांत काका
सुनंदाताई, आकडा तोच, गोष्ट वेगळी. मोठ्या ग्रुपला सक्तीने लावलेल्या टिपवर एचएसटी लागतो. शंभरावर १८ टिप, मग ११८ वर १३ टक्के. मेघनाचे जास्तीचे पैसे टिपमध्ये गेले, तुमचे सरकारजमा झाले. आणि अशा बिलावर मशीन पुन्हा टिप विचारतं, तेव्हा आधी पावती वाचा.

सुनंदा
अय्या, आम्ही तर दिली की परत!

अविनाश
मी म्हणतो टिप द्यायचीच कशाला? पुण्यात सुट्टे ठेवून उठायचो.

मेघना
काका, धन्यवाद. पण मग ते ४.६८ मी एकटीने सोसायचे, की चौघींत वाटायचे? बटण मीच दाबलं होतं, पण दाबताना तिघी मशीनकडे बघत होत्या.