जुन्या व्हीएमसीचा मूल्यांकन अहवाल: २५ ते ४८ ही काय रेंज झाली?

मीनल_क: भागीदार बाहेर पडतोय, कारखाना चालूच राहणार. त्याचा हिस्सा ठरवायला ९ वर्षं जुन्या व्हीएमसीचं मूल्यांकन करून घेतलं. तशा नव्या मशीनची आजची किंमत १०० धरली, तर अहवालातल्या तुलना अशा: जाहिरातीतलं मशीन ४६, प्रत्यक्ष विकलं गेलेलं ३८, लिलावातलं २७. सरासरी ३७, रेंज २५ ते ४८. स्वीकारू की परत पाठवू?

हिशेबी: ताळेबंदातली घसारा वजा जाता किंमत घ्या. वादच नको.

टूलरूमवाला: घसारा हिशेबाच्या नियमाने पडतो, बाजार तो बघत नाही. मीनलताई, अहवाल परत पाठवा. ४६ ही मागणी आहे, सौदा नव्हे. २७ ही घाईतली विक्री, तुमच्याकडे घाई नाही. उरलं ३८. ते मशीन तुमच्यासारखंच आहे का? वय आणि कटिंगचे तास काय?

मीनल_क: वय तेवढंच. त्याचे तास ९ हजार, आमचे २२ हजार. आमच्याकडे चौथा ॲक्सिस आहे, त्याच्याकडे नव्हता. अहवालात फक्त 'मशीन सुस्थितीत असल्याचे गृहीत' एवढंच. बघायला कुणी आलं नव्हतं.

टूलरूमवाला: मग सगळी किंमत त्या एका ओळीवर उभी आहे! स्पिंडलचा रनआउट मोजून घ्या, बॉलबार टेस्ट करा. स्पिंडल उघडावा लागला आणि खर्च ६ आला, तर ३८ चे ३२. चौथ्या ॲक्सिसचे जुन्या बाजारात ३ मिळत असतील तर ३५. आता दुसऱ्या वाटेने: उपयुक्त आयुष्य १५ वर्षं धरलं तर १०० पैकी ४० उरतात, स्पिंडलचे ६ गेले, ३४. दोन्ही वाटा जवळ आल्या, म्हणून ३३ ते ३७ म्हणता येईल. अर्थात विक्रीचा पुरावा एकच आहे. आणखी दोन सौदे मिळाले तर रेंजवर भरवसा ठेवता येईल. तास बघताना पॉवर-ऑनचे नकोत, कटिंगचे घ्या. नुसतं चालू ठेवलेलं मशीनही पहिला आकडा वाढवतं.

माती_खोदू: माझ्या एक्सकॅव्हेटरला डीलर फारच कमी देतोय. विकू का?

टूलरूमवाला: डीलर स्वतःचा नफा आणि दुरुस्ती कापूनच बोलतो. वेगळा धागा काढा राव.

हिशेबी: बरं, घसारा सोडला. पण मशीन जागेवरच राहणार, मग फाउंडेशन, उभारणी आणि लेव्हलिंगचा खर्च किमतीत धरायचा ना?

टूलरूमवाला: माझ्या मते धरायचा, त्याचाही झिजलेला भाग वजा करून. विकलेल्या मशीनच्या ३८ मध्ये तो नसणारच.

मीनल_क: भागीदार म्हणेल धरा, मी म्हणेन नको. करारात 'वाजवी किंमत' एवढाच शब्द आहे.

टूलरूमवाला: मग आधी दोघांनी लिहून ठरवा: जागेवर चालू मशीनची किंमत हवी की उचलून विकल्याची. मूल्यांकनकाराला ते आकड्याआधी कळायला हवं.