कटिंग आणि आठवड्याला चारच दिवस: पुश-पुल-लेग्ज की फुल बॉडी?

सकाळची बॅच: वजन ७८ किलो, कटिंगचा तिसरा आठवडा, रोज साधारण ५०० कॅलरी कमी खातोय. आधी सहा दिवस पुश-पुल-लेग्ज करायचो. आता सोम, मंगळ, गुरु, शनि एवढेच जमतात. सोमवारी पुश, मंगळवारी पुल, गुरुवारी लेग्ज, शनिवारी परत पुश. बेंचला ८० किलोचे आठ रेप्स निघायचे, आता सहावर अडतो. हेच चालू ठेवू की फुल बॉडीवर जाऊ?

दंडबैठक: अजिबात बदलू नका. फुल बॉडी नवशिक्यांसाठी असतं. खाणं कमी असताना रिकव्हरी मंदावते, मग एकदा छाती मारली की तिला चार-पाच दिवस द्यायलाच हवेत. रोज सगळं मारलं तर कुठलाच स्नायू सावरत नाही.

जुना बारबेल: रिकव्हरी मंदावते हे खरंच. पण विश्रांती किती लागेल ते त्या दिवशी किती सेट्स मारले त्यावर ठरतं. आठ-नऊ सेट्सनंतर छाती तीन-चार दिवस जड राहील, तीन सेट्सनंतर बहुतेकांची दोन दिवसांत तयार होते.
बॅच, एक सांगा. सहा रेप्स सोमवारी निघतात की शनिवारी? आणि पुशला छातीचे किती सेट्स?

सकाळची बॅच: सोमवारी सहा, शनिवारी सात, कधी आठही. छातीचे आठ सेट्स.

जुना बारबेल: मग बेंच पडण्याचं बरंचसं कारण कॅलेंडरमध्ये आहे. शनिवारी आठ सेट्स, मध्ये एकच दिवस आणि सोमवारी पुन्हा आठ. त्यानंतर थेट शनिवारपर्यंत काही नाही. पाठ आणि पाय मात्र आठवड्यातून एकदाच. एखादा गुरुवार बुडाला की पायांना सलग १३ दिवस वजन लागत नाही. कटिंगमध्ये मला हीच भीती जास्त वाटते. स्नायू टिकवायला वाढवण्याइतके सेट्स लागत नाहीत, पण बारवरचं वजन मात्र जड राहावं लागतं.

दंडबैठक: त्यासाठी फुल बॉडी कशाला? सोमवारी नव्याने सुरू करायचंच नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. पुश, पुल, लेग्ज, पुश, मग पुढच्या सोमवारी पुल.

जुना बारबेल: हे बरोबर आहे आणि आत्तापेक्षा नक्की चांगलं. चार आठवड्यांच्या १६ सेशन्समध्ये पुश सहा, पुल पाच, लेग्ज पाच होतात, म्हणजे पायांना पाच-सहा दिवसांनी काम मिळतं. दिवस बुडाला तरी क्रम फक्त सरकतो. माझी अडचण शेवटच्या सेट्सची आहे. पोट कमी भरलेलं असताना छातीचा सातवा-आठवा सेट बघा: वजन उतरवलेलं, रेप्स अर्धवट, खांदेच जास्त दुखतात. तेच सेट्स चार दिवसांत वाटले तर प्रत्येक सेट ताजा मिळतो.

पहाटवेळ: मी फुल बॉडी करून सोडलं. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट तिन्ही एकाच दिवशी. प्रत्येकाचा वॉर्मअप वेगळा, पावणेदोन तास जायचे. तिसऱ्या आठवड्यात कंबर इतकी आखडली की वाकून बूट घालता येईनात. तेव्हा कटिंगही चालू होतं.

जुना बारबेल: ताई, तिन्ही जड लिफ्ट्स एकत्र आल्या तिथेच घात झाला. ८० किलोच्या बेंचसाठीही रिकामा बार, मग ४०, ६०, ७० असं चढावं लागतं. म्हणून दिवसाला एकच जड बारबेल लिफ्ट ठेवायची. बॅचसाठी मी असं मांडेन: सोमवारी जड बेंच, सोबत लेग प्रेस आणि केबल रो. मंगळवारी पुलडाउन, लेग कर्ल, हलका ओव्हरहेड प्रेस. गुरुवारी जड स्क्वॉट, इन्क्लाइन डंबेल, चेस्ट सपोर्टेड रो. शनिवारी रोमेनियन डेडलिफ्ट, पुलअप्स, पेक डेक. प्रत्येकाचे तीन सेट्स, मोठ्या लिफ्ट्समध्ये एक-दोन रेप्स शिल्लक ठेवून. तास-सव्वातासात संपतं.

फिरकी: पण या दोघांत चरबी जास्त कशाने उतरते? मला तेच हवंय.

जुना बारबेल: चरबी खाण्यातल्या तुटीने उतरते. स्प्लिटने तिथे फारसा फरक पडत नाही. इथे प्रश्न स्नायू टिकवण्याचा आहे.

दंडबैठक: सोम-मंगळ लागोपाठ येतात त्याचं काय? सोमवारच्या बेंचनंतर मंगळवारी ओव्हरहेड प्रेस, तेच खांदे आणि तेच ट्रायसेप्स.

जुना बारबेल: हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच तो हलका ठेवलाय. तरी खांदा कुरकुरला तर तो गुरुवारी न्या आणि इन्क्लाइन डंबेल मंगळवारी न आणता सरळ गाळा.

सकाळची बॅच: चार आठवडे हे करून बघतो. बेंच तरीही पडला तर वजन कमी करू का?

जुना बारबेल: आधी सेट्स कमी करा, तीनाचे दोन. ८० किलो बारवर राहू द्या. आणि त्या आठवड्यात अंगाचं वजन ८०० ग्रॅमच्या वर उतरलं असेल तर आधी थोडं खाणं वाढवा.

दंडबैठक: मी पुढे सरकणारा क्रमच सांगेन. पाच दिवसांनी पाय मारताना जो जोर लागतो, तो तीन-तीन सेट्समध्ये मला कधी आला नाही.