मदत हवी आहे: मार्चचं बिल, एप्रिलमधे पैसे, इन्कम कुठल्या वर्षात?

नमस्कार मंडळी, मी फ्रीलान्स आर्किटेक्ट आहे, हिशोब पहिल्यापासून कॅश बेसिसवर, म्हणजे पैसे खात्यात आले की इन्कम. २० मार्च २०२५ ला क्लायंटला २ लाखाचं बिल दिलं, त्यांनी ३१ मार्चला त्यांच्या वहीत खर्च टाकून २० हजार टीडीएस कापला, आणि माझे १ लाख ८० हजार आले १२ एप्रिलला! आता २६एएस मधे २०२४-२५ ला २ लाख दिसतायत आणि माझ्या वहीत त्या वर्षी शून्य.

मेहुणे म्हणतात बिल दिलं तेव्हाच इन्कम झालं, याच वर्षी टॅक्स भर. पण ते अक्रुअल झालं ना? कलम १४५ नुसार प्रोफेशनला दोन्ही पद्धती चालतात, फक्त एक धरली की तीच नेमाने ठेवायची, सोयीप्रमाणे दरवर्षी बदलायची नाही.

माझ्या मते पूर्ण २ लाख २०२५-२६ मधे दाखवायचे (नुसते १.८० नाही) आणि नियम ३७बीए प्रमाणे टीडीएस क्रेडिटपण तेव्हाच घ्यायचं. मग यावर्षीच्या आयटीआर-३ मधे ते २० हजार टीडीएसच्या शेड्यूलमधे कॅरी फॉरवर्ड दाखवले की झालं का? असं कोणी केलंय का, मिसमॅचची नोटीस आली का?