विद्यार्थी व्हिसावर बाहेरच्या देशाचं फ्रीलान्स काम : तुम्ही आधी कागद तपासला होता का?

सायली_नाशिक
काल भाच्याचा लाइपझिगहून फोन. "मावशी, दुबईच्या एका माणसाला वेबसाइट करून हवीये, 600 युरो देतोय. पैसे पुण्याच्याच खात्यात घेतले तर काय हरकत आहे?" ऐकलं आणि मला माझा 2019 चा नोव्हेंबर आठवला.

तेव्हा मी हॅनोव्हरला मास्टर्स करत होते. बंगळुरूच्या एका कंपनीला मराठी-हिंदी सबटायटल्स करून द्यायचं काम चालून आलं. होकाराचा मेल लिहून तयार होता. तेवढ्यात माझी अकोल्याची रूममेट म्हणाली, "तुझा हिरवा कागद वाचलास का?" परमिटच्या कार्डासोबत एक घडीचा कागद मिळतो, त्सुसाट्सब्लाट. मी तो पासपोर्टच्या कव्हरमध्ये कोंबला होता तो कोंबलाच. उघडला तर नोकरीला वर्षाला 120 पूर्ण किंवा 240 अर्धे दिवस परवानगी होती, आणि खाली लिहिलेलं : 'झेल्ब्स्टश्टेंडिगे टेटिग्काइट निष्ट गेश्टाटेट'. स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय करायला परवानगी नाही. पोटात गोळाच आला.

मी धरून चालले होते की क्लायंट भारतातला, पैसे भारतात, मग जर्मनीचा काय संबंध? पण काम मी हॅनोव्हरच्या खोलीत बसून करणार होते, आणि ते लोक तेवढंच बघतात.

मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला अर्ज केला. काम काय, आठवड्याला किती तास (मी 6 लिहिले), महिन्याला अंदाजे किती पैसे, हे एक पान जर्मनमध्ये. सोबत कंपनीचं 'आम्ही काम देऊ इच्छितो' असं पत्र, विद्यापीठाचा दाखला, तोवरचे मार्क आणि विम्याचा कागद. अभ्यास मागे पडणार नाही हे त्यांना पटावं लागतं. पाच आठवड्यांनी नवा कागद मिळाला, त्यावर भाषांतराच्या कामापुरती परवानगी लिहिलेली. कंपनीने पहिला लॉट तोवर दुसऱ्याला दिला होता, माझ्या वाट्याला जानेवारीतला आला.

तुमच्याकडे काय झालं, लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

पिंट्या_सातारकर
ताई एवढं कशाला, आता वर्षाला 140 दिवस झालेत. वेबसाइटला किती दिवस लागतील, दहा? आरामात बसतंय त्यात.

गौरी_म्युनिक
पिंट्या, 140 पूर्ण किंवा 280 अर्धे हे बरोबर, मार्च 2024 पासून तेच आहे. पण ते नोकरीचे दिवस आहेत. कोणाच्या तरी पगारपत्रकावर तुझं नाव असेल तर. भाचा दुबईवाल्याला स्वतः बिल पाठवणार, म्हणजे तो स्वतंत्र व्यवसाय. मग एक दिवस असो की दहा, त्या 140 शी त्याचा संबंधच नाही. त्याला वेगळी परवानगी लागते, निवास कायद्याच्या 21 व्या कलमातलं सहावं पोटकलम. अर्जात त्याचा उल्लेख केला की समोरच्याला लगेच कळतं काय हवंय ते.

अजून एक. इथे बरीच मुलं आधी कर कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म भरतात, कर क्रमांक येतो, आणि त्यांना वाटतं झालं, मिळाली परवानगी. कर कार्यालयाला करापुरतं देणंघेणं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असंच आठ महिने बिलं पाठवली. परमिट वाढवायला गेला, खर्च कसा भागवता म्हणून खात्याचे कागद मागितले, त्यात दर महिन्याला परदेशातून जमा. परमिट शेवटी मिळालं, पण लेखी खुलासा द्यावा लागला आणि तीन महिने तात्पुरत्या कागदावर काढले. बहिणीच्या लग्नाला घरी जायची हिंमत झाली नाही त्याची.

पिंट्या_सातारकर
अरे बापरे. मला खरंच वाटत होतं दिवसांतच येतं. मी गोदामात नोकरी करायचो, म्हणून कधी प्रश्नच आला नाही.

रेवतीचीआई
माझी मुलगी नागपूरलाच शिकते, अमेरिकेच्या क्लायंटचे लोगो करते. तिलाही व्हिसा काढावा लागेल का हो? घाबरले वाचून.

गौरी_म्युनिक
नाही काकू, ती स्वतःच्या देशात बसून काम करतेय, तिला व्हिसाचा काही प्रश्न नाही. फक्त कमाई आयकरात दाखवायला सांगा.

रेवतीचीआई
हुश्श. चकलीचा घाणा टाकून आले होते, जाते 🙏

अनुजा_लीड्स
इंग्लंडचं सांगते, कारण इथे अर्ज करून परवानगी काढायची सोयच नाही. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास म्हणतात ते फक्त नोकरीचे. स्वयंरोजगार विद्यार्थी व्हिसावर अजिबात नाही, एक तासही नाही.

मला मुंबईच्या एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकाची चित्रं सांगितली होती. 200 पाउंड ॲडव्हान्स आलासुद्धा! मग रात्री झोप लागेना. सकाळी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या ई-व्हिसावरच्या अटी माझ्यासमोर उघडल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, प्रकाशक इथला नाहीये. त्या म्हणाल्या, "पण तू इथे आहेस ना." त्याच दिवशी पैसे परत केले. कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा घेतला, त्यावर स्वयंरोजगार चालतो. प्रकाशकाने वाट पाहिली होती, माणूस भला. पुस्तक आलं, आईने शेजारीपाजारी वाटलं.

सायली_नाशिक
अनुजा 🥹 ॲडव्हान्स परत करताना काय वाटलं असेल तुला.

अनुजा_लीड्स
रडले होते ताई. त्या महिन्याचं भाडं होतं ते.

निखिल_टोरांटो
कॅनडात उलटं आहे बघा. सत्रात कॅम्पसबाहेर 24 तासांची मर्यादा, पण कॅनडाबाहेरच्या मालकासाठी घरून काम केलं तर ते त्या 24 मध्ये धरत नाहीत. मी पुण्याच्या जुन्या कंपनीचं काम असंच केलं. कर मात्र इथेही भरला.

गौरी_म्युनिक
निखिल, तू पगारी होतास की बिल पाठवायचास? आणि त्या कंपनीचे ग्राहक कॅनडातले असते तर?

निखिल_टोरांटो
पगारी. ग्राहक सगळे भारतातलेच. कॅनडातल्या ग्राहकाला थेट काम दिलं असतं तर ते तासांत मोजावं लागलं असतं. बाकी खोलात गेलो नाही, बस आली, नंतर लिहितो.

ओवी
मी डार्मश्टाटला आहे, तोच हिरवा कागद. व्हिसाच्या आधीपासून माझं यूट्यूब चॅनल आहे, रांगोळीचं. जाहिरातीचे थोडे पैसे येतात. नवीन व्हिडिओ टाकू का नको?

गौरी_म्युनिक
जुन्या व्हिडिओंचे आपोआप येणारे पैसे आणि इथे बसून नवीन करणं, यात फरक करतात असं म्हणणारेही आहेत आणि न करणारेही. कार्यालयाला लेखी विचार, उत्तर जपून ठेव. तोवर मी तरी जाहिराती बंद ठेवल्या असत्या.

ओवी
दिवाळी तोंडावर आलीये हो 😔 बरं, आज मेल करते.

सायली_नाशिक
भाच्याने कागदाचा फोटो पाठवला. 140 दिवसांच्या खाली तीच ओळ आहे, माझ्या वेळचीच. दुबईवाल्याला त्याने सांगितलंय की दोन महिने लागू शकतात, चालत असेल तर त्याचं पत्र हवं. रात्री दोघं बसून अर्ज लिहिणार आहोत. ओवी, माझा जुना अर्ज सापडला तर तुलाही पाठवते, नाव-पत्ता बदलून घे.

रेवतीचीआई
चकल्या छान झाल्या. ओवी बाळा, तुझी मोराची रांगोळी पाहिली, ठिपके किती बाय किती?